कमी आकड्याला उत्तर: पहिल्या ऑफरवर केलेली पगाराची बोलणी

पहिल्या नोकरीची ऑफर फोनवर आली, तेव्हा सांगितलेला आकडा मला अपेक्षित असलेल्या आकड्यापेक्षा कमी होता. माझ्या हातात दुसरी ऑफर नव्हती, आधीच्या पगाराचा दाखला नव्हता आणि अनुभव म्हणून दाखवण्यासारखे फक्त एका इंटर्नशिपमधले काम होते. अशा स्थितीत उमेदवाराने पगाराबद्दल बोलूच नये, मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, असा सल्ला मला बहुतेकांनी दिला होता. मी बोलले, आणि पगार वाढलाही. पण तो वाढला त्याचे कारण माझे धाडस नव्हते, तर समोरच्या माणसाला आपल्या वरिष्ठांपुढे ठेवता येईल असे काहीतरी मी त्याच्या हाती दिले होते, हे होते. ते काय होते आणि कोणत्या क्रमाने दिले, ते येथे सविस्तर लिहिते.

प्रत्यक्ष रकमा सांगण्यात अर्थ नाही, कारण क्षेत्र आणि देश बदलला की त्या बदलतात. म्हणून फोनवर सांगितलेली वर्षाची एकूण रक्कम 100 मानते आणि पुढचे सगळे आकडे त्याच मापात देते.

सगळ्याच पहिल्या ऑफरवर बोलणी होत नाहीत, हेही आधीच सांगायला हवे. एकाच वेळी नव्या पदवीधरांची मोठी तुकडी घेणारी कंपनी सर्वांना सहसा एकच पगार देते, आणि सरकारी पदांची वेतनश्रेणी आधीच जाहीर झालेली असते. तेथे मूळ पगार हलत नाही. फार तर रुजू होण्याची तारीख किंवा कामाचे ठिकाण हलते. माझी जागा तशी नव्हती. मध्यम आकाराच्या कंपनीतील एका टीमला डेटा ॲनालिस्ट म्हणून एकच माणूस हवा होता आणि त्या एका जागेसाठी मुलाखती चालू होत्या. अशा जागेला एक पे बँड असतो, म्हणजे त्या लेव्हलच्या पगाराची खालची आणि वरची मर्यादा ठरलेली असते, आणि निवडलेल्या माणसाला त्या पट्ट्यात कोठे बसवायचे हे कोणाला तरी ठरवावे लागते. नवख्या उमेदवाराला बहुधा खालच्या अर्ध्या भागात बसवतात. भरती पाहणाऱ्या एचआरच्या माणसाला त्यात थोडा फेरफार स्वतःच्या अधिकारात करता येतो. त्यापलीकडे जायचे असेल तर टीमच्या मॅनेजरची आणि कधी वित्त विभागाचीही मंजुरी लागते. ही रचना ठाऊक असणे फार उपयोगी पडले, कारण आपण ज्याच्याशी बोलतो तो आणि ज्याने होकार द्यायचा तो, ही दोन वेगळी माणसे आहेत, हे मला सुरुवातीपासून लक्षात ठेवता आले.

मुलाखती चालू असतानाच मी त्या पट्ट्याचा अंदाज बांधायला घेतला. ओळखीतल्या ज्या मंडळींनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत अशाच कामाला सुरुवात केली होती, त्यांना मी त्यांचा पगार विचारला नाही. तो प्रश्न लोकांना अडचणीत टाकतो आणि उत्तरही बहुधा फुगवलेले किंवा टाळलेले येते. मी विचारले ते फिक्स्डबद्दल, म्हणजे पगाराच्या दरमहा नक्की मिळणाऱ्या भागाबद्दल: “या कामासाठी नवख्या माणसाला किती फिक्स्ड सांगितले, तर ते तुम्हाला कमी वाटेल?” या प्रश्नाला लोक मोकळेपणाने उत्तर देतात, आणि वेगवेगळ्या लोकांची उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी जवळजवळ येतात. माझ्याकडे आलेली उत्तरे 86 च्या आसपास होती. वरच्या टोकासाठी मी त्याच कंपनीची एक लेव्हल वरच्या पदाची जाहिरात पाहिली. त्यात दोन वर्षांचा अनुभव मागितला होता आणि पगाराचा पल्ला 98 पासून सुरू होत होता. त्याअर्थी माझ्या लेव्हलला नवख्या माणसासाठी 96 च्या पुढे जाण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. जाहिरातीत पगाराचा पल्ला देणे आता काही ठिकाणी कायद्याने बंधनकारक आहे, उदाहरणार्थ अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात 2021 पासून. आणि युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशानुसार उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याचा पल्ला आधी कळवावा लागतो. जेथे असा कायदा नाही, तेथे वरच्या आणि खालच्या पदांच्या जाहिरातींवरून मधला पट्टा ओळखावा लागतो.

अपेक्षा किती, हा प्रश्न पहिल्याच फोनवर आला होता. त्या वेळी काम नेमके काय आहे, हेही मला पुरते कळलेले नव्हते. मी म्हटले, “काम आणि लेव्हल नीट समजून घेतल्यावर मला आकडा सांगणे सोपे जाईल. या पदासाठी तुम्ही काही पल्ला ठरवला असेल, तर तो सांगाल का?” त्यांनी ताकास तूर लागू दिला नाही, मुलाखतीवर अवलंबून आहे, एवढेच ते म्हणाले. पण आकडा न सांगता विषय पुढे गेला, आणि मला तेवढेच हवे होते. प्रश्न पुन्हा आला असता तर मात्र मी तो पुन्हा टाळला नसता. एकदा टाळणे सभ्य दिसते, तीनदा टाळले की लपवाछपवी वाटते. त्यासाठी मी एक उत्तर तयार ठेवले होते, आणि त्यात “फिक्स्ड” हा शब्द आकड्याआधी होता. का, ते पुढे येईल.

मुलाखतीत मी मॅनेजरना एक प्रश्न मुद्दाम विचारला होता: या जागेवर येणाऱ्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवावे, असे तुम्हाला वाटते? त्यांनी सांगितले की, टीमचे मासिक अहवाल अजून हाताने तयार होतात, प्रत्येक महिन्याचे पहिले काही दिवस त्यातच जातात, आणि ते काम आपोआप व्हावे अशी त्यांची इच्छा आहे. इंटर्नशिपमध्ये मी विक्रीचे साप्ताहिक अहवाल एसक्यूएल आणि पायथन वापरून असेच स्वयंचलित केले होते. हा योगायोग मी तेव्हाच वहीत टिपून ठेवला.

ऑफरचा फोन आला तेव्हा एचआरच्या त्या गृहस्थांनी निवड झाल्याचे सांगून लगेच आकडा सांगितला आणि विचारले, “मग तुमच्याकडून होकार समजू ना?” या क्षणी दोन्ही टोकांची उत्तरे महाग पडतात. हो म्हटले की विषय संपतो, कारण होकारानंतर पगाराचा विषय काढणे हे दिलेला शब्द मोडण्यासारखे दिसते, आणि “हे कमी आहे” म्हटले की पुढचा प्रश्न “मग किती हवे?” असाच येतो, ज्याचे उत्तर ऑफरचे तुकडे पाहिल्याशिवाय देता येत नाही. मी म्हटले, “निवड झाल्याचा मला खरोखर आनंद आहे, आणि या टीमबरोबर काम करायची इच्छा आहे. एकूण रकमेची फोड मला लेखी पाठवाल का? ती पाहून मी परवा संध्याकाळपर्यंत नक्की कळवते.” त्यांनी हो म्हटले. मग मी आणखी एक गोष्ट विचारली: “मला कोणत्या लेव्हलला घेतले आहे आणि हा आकडा कशाच्या आधारे ठरवला, हे थोडक्यात सांगता येईल का?” उत्तर आले की लेव्हल सर्वांत सुरुवातीची आहे आणि “फ्रेशरसाठी आम्ही येथूनच सुरुवात करतो.” या वाक्याने मला बरेच काही सांगितले. हा आकडा माझ्याकडे पाहून ठरलेला नव्हता. तो पट्ट्याच्या तळाचा, ठरावीक आकडा होता. विचार करून ठरवलेल्या आकड्यापेक्षा असा आकडा हलवणे सोपे असते.

पहिला कानावर पडलेला आकडा आपल्याला किती ओढून घेतो, हे मी त्या रात्री स्वतःवरच पाहिले. आधी 94 मागायचे ठरवलेले असताना आता 84 सुद्धा चांगलेच वाटू लागले होते. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात याचा नमुना आहे. त्यांनी लोकांसमोर 0 ते 100 आकड्यांचे एक चक्र फिरवले, जे मुद्दाम 10 वर किंवा 65 वर थांबेल असे केलेले होते, आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असेल असे विचारले. ज्यांच्यासमोर 10 आले त्यांचा मध्यवर्ती अंदाज 25 होता, ज्यांच्यासमोर 65 आले त्यांचा 45. चक्राचा आणि प्रश्नाचा काही संबंध नव्हता, तरीही आकडा मनाला चिकटला. माझ्याकडे यावर एकच उपाय होता: ऑफर येण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवलेले आकडे काढणे आणि त्यांत ऑफरनंतर बदल न करणे.

दुसऱ्या दिवशी फोड आली. 100 मधले फिक्स्ड 80 होते. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीप्रमाणे कमी-जास्त होणारा भाग, 12 होते; ते फिक्स्डच्या 15 टक्के. निवृत्तीसाठीच्या निधीत कंपनी भरणार तो हिस्सा 6 होता, आणि उरलेले 2 म्हणजे गटविम्याचा हप्ता. यातले दरमहा नक्की मिळणारे फक्त 80, तेही कर आणि माझ्या स्वतःच्या वाट्याची कपात वजा होण्याआधीचे. विमा आणि निधी निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पण माझ्याकडचा 86 ते 96 हा अंदाज फिक्स्डचा होता, आणि त्याची तुलना 100 शी केली असती तर ऑफर चांगलीच उदार दिसली असती. फिक्स्डची तुलना फिक्स्डशीच करायची, एवढा नियम पाळला की कमी आकडा आपोआप उघडा पडतो. आकड्याआधी “फिक्स्ड” शब्द असलेले उत्तर मी तयार ठेवले होते ते याचसाठी: नुसते “92 हवेत” असे सुरुवातीला सांगितले असते, तर 100 ची ही ऑफर माझ्या अपेक्षेपेक्षा जास्तच आहे, असे एचआरला मला शांतपणे सांगता आले असते.

व्हेरिएबलबाबत मी दोन गोष्टी लेखी विचारून घेतल्या: ते कशावर ठरते, आणि पहिल्या वर्षी किती मिळते. ते निम्मे कंपनीच्या कामगिरीवर आणि निम्मे स्वतःच्या कामगिरीवर ठरत होते, आणि वर्षाच्या मध्ये रुजू होणाऱ्याला जेवढे महिने काम तेवढ्याच प्रमाणात मिळत होते. म्हणजे पहिल्या वर्षी ते 12 असणार नव्हतेच. शिवाय ते फिक्स्डच्या टक्केवारीत होते, पुढची वार्षिक वाढही फिक्स्डवरच टक्क्यांनी मिळणार होती; त्यामुळे माझे सगळे बोलणे आधी फिक्स्डभोवती ठेवायचे हे नक्की झाले. फिक्स्ड एकदा खाली बसले की त्यावर बेतलेले बाकी सगळे खाली बसते.

माझ्या कागदावर दोन आकडे होते. मागायचा आकडा 94, आणि ज्याच्या खाली नकार द्यायचा तो 84. दुसरा आकडा ठरवायला जास्त वेळ लागला. महिन्याचा आवश्यक खर्च त्यात होता, पण तो एकटा पुरेसा नव्हता. ही नोकरी नाकारली तर पुढे काय, याचे खरे उत्तरही त्यात यायला हवे होते. इंटर्नशिप जेथे केली तेथे काही महिन्यांचे कंत्राटी काम मिळण्याजोगे होते आणि तेवढ्या काळात शोध चालू ठेवता आला असता. तो पर्याय आकर्षक नव्हता, पण होता. तो नसता, तर माझी खालची मर्यादा 80 किंवा त्याहूनही खाली गेली असती आणि तेही समजण्यासारखे होते. ज्याला नोकरी लगेच हवीच आहे त्यानेही विचारावे. फक्त नकाराची भाषा वापरू नये, कारण ती खरी नसते आणि समोरच्याने “मग ठीक आहे” म्हटले की परतीची वाट उरत नाही.

उत्तर मी ई-मेलने दिले. फोनवर बोलणे जास्त आपुलकीचे असते हे खरे. पण फोनवर मी कितीही चांगले बोलले, तरी ते एचआरच्या गृहस्थांना मॅनेजरपुढे स्वतःच्या शब्दांत सांगावे लागले असते, आणि त्या सांगण्यात “मुलगी जास्त मागते आहे” एवढेच उरण्याची शक्यता होती. मेल जशीच्या तशी पुढे पाठवता येते. म्हणून ती मी एचआरच्या नावाने लिहिली, पण मॅनेजर वाचतील असे धरून लिहिली. मजकूर साधारण असा होता:

“ऑफरची फोड पाठवल्याबद्दल आभार. या टीमबरोबर काम करण्याची माझी इच्छा पक्की आहे. सध्याच्या ऑफरमध्ये फिक्स्ड 80 आहे. ते 94 करावे, अशी माझी विनंती आहे. यामागे दोन कारणे आहेत. मासिक अहवाल स्वयंचलित करणे हे या पदाचे पहिल्या सहा महिन्यांतील मुख्य काम असल्याचे मुलाखतीत सांगण्यात आले. याच प्रकारचे काम मी इंटर्नशिपमध्ये पूर्ण केले असून त्याचा तपशील सोबत जोडला आहे. त्यामुळे हे काम मी शिकण्याचा काळ न घेता सुरू करू शकेन. दुसरे असे की, अशा पदांवर नव्याने रुजू होणाऱ्यांचे फिक्स्ड माझ्या माहितीप्रमाणे 86 ते 96 च्या दरम्यान असते. 94 च्या जवळ येणे शक्य झाल्यास मी लगेच होकार कळवीन. या संदर्भात फोनवर बोलायचे असल्यास उद्या दिवसभर मी उपलब्ध आहे.”

यात पल्ला नव्हे, एकच आकडा मागितला आहे. “88 ते 94 दरम्यान” असे लिहिले असते, तर वाचणाऱ्याने 88 हाच माझा आकडा धरला असता, आणि त्यात त्याची चूक म्हणता आली नसती. 94 हा आकडा मी सांगितलेल्या बाजारातल्या पल्ल्याच्या आत आहे. पल्ल्याबाहेरचा आकडा मागितला की दिलेली कारणेही संशयास्पद ठरतात. “लगेच होकार कळवीन” हे वाक्य माझ्या मते सर्वांत वजनदार होते. मंजुरी आणायला वर जाणाऱ्या माणसाला, एवढी खटपट केल्यावर उमेदवार आणखी काही मागेल किंवा दुसरीकडे जाईल, ही भीती असते. ती त्या वाक्याने दूर होते. सोबत जोडलेला तपशील एका पानाचा होता: आधी अहवालाला किती वेळ लागत असे, नंतर किती लागू लागला, आणि मी नेमके काय केले.

जे लिहिले नाही, तेही विचार करूनच वगळले होते. घरभाडे आणि शिक्षणाचे कर्ज यांचा उल्लेख केला नाही, कारण माझ्या खर्चाच्या आधारे माझा पगार वाढवून द्यावा, असे सांगणे मंजुरी देणाऱ्यापुढे टिकत नाही. कोणाच्या नावाने त्याचा पगार सांगितला नाही. आणि नसलेली दुसरी ऑफर आहे असे भासवले नाही. त्यातली नैतिक बाजू बाजूला ठेवली, तरी ती चाल कच्ची आहे: “ते पत्र पाठवा” असे सांगितले गेले, किंवा “ती ऑफर जास्त असेल तर तुम्ही तीच घ्या” असे उत्तर आले, की पुढे बोलायला जागाच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. “तुमचा मुद्दा समजला, पण या लेव्हलला आम्ही 84 च्या वर जाऊ शकत नाही,” असे त्यांनी सांगितले. 84 हीच माझी खालची मर्यादा होती, आणि “ठीक आहे” म्हणण्याचा मोह जबरदस्त होता. तसे न म्हणता मी विचारले, “ही मर्यादा या लेव्हलच्या पट्ट्याची आहे, या वर्षाच्या बजेटची आहे, की टीममधल्या इतरांच्या पगाराशी जुळवण्यासाठी आहे?” हा प्रश्न मी आधीच लिहून ठेवला होता, आणि माझ्या अनुभवात सगळ्या बोलण्यातला सर्वांत उपयोगाचा प्रश्न हाच ठरला. कारण तिन्ही उत्तरांवरचा पुढचा रस्ता वेगळा असतो. पट्टा संपला असेल तर फिक्स्डवर आग्रह धरणे व्यर्थ असते आणि बोलायचे झाले तर लेव्हलबद्दल बोलावे लागते. बजेट संपले असेल तर एकदाच द्यायची रक्कम किंवा लवकरचा आढावा मागता येतो, कारण तो खर्च वेगळ्या खात्यात किंवा पुढच्या वर्षात पडतो. आणि इतरांशी जुळवण्याचा प्रश्न असेल, तर इतर कोठे आहेत हे बोलण्याच्या ओघात कळते. ज्याला यांपैकी कोणतेच उत्तर देता येत नाही, फक्त “आमची पॉलिसी आहे” एवढेच पुन्हा पुन्हा सांगता येते, त्याने बहुधा अजून वर विचारलेलेच नसते.

थोडे थांबून ते म्हणाले की टीममध्ये याच लेव्हलला वर्षभर काम केलेले लोक 88 वर आहेत, आणि नव्या माणसाला त्यांच्या बरोबरीने किंवा वर बसवले तर अडचण होईल. हे कारण मला खरे वाटले. ते नेमके होते, तपासता येण्याजोगे होते आणि सांगताना त्यांना थोडे अवघडल्यासारखेही झाले होते. येथे 94 चा आग्रह धरला असता, तर मॅनेजरला स्वतःच्या टीमशी भांडण विकत घ्यावे लागले असते. पण याच उत्तराने खरी मर्यादा 84 नसून 88 च्या किंचित खाली आहे, हेही उघड झाले. मी म्हटले, “ही अडचण मला समजते, आणि त्यांच्यावर जाण्याची माझी मागणी नाही. मग असे करता येईल का: फिक्स्ड 87 करावे, राहिलेल्या फरकापोटी 5 जॉइनिंग बोनस म्हणून एकदाच द्यावे, आणि सहा महिन्यांनी पगाराचा आढावा घ्यावा. एवढे झाले तर मी आजच होकार देते.” एवढे बोलून मी गप्प राहिले. पलीकडची शांतता असह्य होऊन उमेदवार स्वतःच “किंवा 85 चालेल” असे म्हणून जातो, हे मी ऐकून होते, आणि त्या क्षणी मलाही तसेच म्हणावेसे वाटत होते. ते म्हणाले, “विचारून सांगतो.” हे “विचारून सांगतो” आधीच्या फोनवर नव्हते.

या टप्प्यावर ऑफरच मागे घेतली जाईल ही भीती मला होती, आणि ती अगदीच निराधार नाही. पण एकदा, सभ्य शब्दांत आणि कारणांसह विचारल्यामुळे असे क्वचितच होते. होते ते होकार देऊन झाल्यावर पुन्हा मागणी केल्यामुळे, किंवा प्रत्येक फोनला नवी मागणी काढल्यामुळे: आज फिक्स्ड, ते मिळाले की उद्या बोनस, परवा घरून काम. म्हणूनच माझ्या दुसऱ्या उत्तरात तिन्ही गोष्टी एकत्र होत्या, आणि त्यांच्यासोबत होकाराची खात्री होती.

उत्तर आले ते असे: फिक्स्ड 87, जॉइनिंग बोनस 4, सहा महिन्यांनी आढावा. मी फोनवरच होकार दिला. 80 वरून 87 म्हणजे पावणेनऊ टक्क्यांची वाढ. शिवाय 15 टक्क्यांचे व्हेरिएबल आता 87 वर मोजले जाणार होते, म्हणजे पूर्ण वर्षाला 13 च्या थोडे वर.

सुधारित ऑफर लेटर आल्यावर सही करण्याआधी मी ते बोललेल्या गोष्टींशी ओळीने ताडून पाहिले, आणि दोन ठिकाणी थांबले. जॉइनिंग बोनसच्या कलमात लिहिले होते की, 12 महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास संपूर्ण रक्कम परत करावी लागेल. अशी अट असतेच. पण अकराव्या महिन्यात सोडणाऱ्यानेही सगळी रक्कम परत करावी, हे मला जाचक वाटले. उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात वसुली करावी, अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. याला मंजुरी वगैरे लागली नाही. दुसरे कलम आढाव्याचे होते. त्यात सहा महिन्यांनी “कामगिरीचा आढावा” घेतला जाईल असे होते, पगाराचा उल्लेखच नव्हता. कामगिरीचा आढावा तर प्रोबेशन संपताना सर्वांचाच होतो. तेथे “कामगिरीचा व त्यानुसार फिक्स्ड पगाराचा” असे लिहून घेतले, आणि कोणत्या कामांवर तो ठरेल हे मॅनेजरच्या मेलमध्ये मागून घेतले. वार्षिक वाढीसाठी ठरावीक तारखेआधी रुजू झालेलेच लोक पात्र धरले जातात, आणि मी त्या तारखेनंतर रुजू होणार होते, हे त्याच चौकशीत कळले. म्हणजे हे कलम नसते, तर माझी पहिली वाढ जवळजवळ दीड वर्ष लांबली असती.

कंत्राटी काम देऊ करणाऱ्यांना मी नकार कळवला तो सुधारित पत्र हाती आल्यावर, आधी नाही. होकाराच्या मेलमध्ये चारही गोष्टी, म्हणजे फिक्स्ड, व्हेरिएबलची टक्केवारी, बोनसच्या वसुलीची अट आणि आढाव्याचा महिना, पुन्हा एकदा लिहिल्या आणि सही केलेली प्रत जोडली. आढाव्याच्या महिन्यात कोणी आपणहून विषय काढला नाही. मीच ते कलम आणि स्वयंचलित झालेल्या अहवालांची यादी मॅनेजरना पाठवली, आणि पुढच्या महिन्यापासून फिक्स्ड 91 झाले.